वीस सेकंदांचा दिवाळी सेल व्हिडिओ: ऑफर किती बसतात आणि अटींची ओळ किती वेळ ठेवायची

प्रश्न: "आमच्याकडच्या एका साडीच्या दुकानासाठी दिवाळी सेलचा २० सेकंदांचा व्हिडिओ करतोय, इन्स्टा रील आणि लोकल केबल दोन्हीकडे चालवायचाय. मालकांना तीन ऑफर हव्यात: ५०% पर्यंत सूट, दोन साड्यांवर एक फ्री, आणि बँकेच्या कार्डवर १०% ऑफ. सेल १० ते २३ ऑक्टोबर. मी शेवटच्या फ्रेमवर दोन सेकंद इंग्लिशमध्ये 'टर्म्स अँड कंडिशन्स अप्लाय' टाकलंय. एवढं पुरतं का? आणि कुठली ओळ किती सेकंद ठेवायची?"

उत्तर:

नाही पुरत. पण शेवटचे दोन सेकंद वाढवून चार केले तरी काम होणार नाही, कारण खरी अडचण सेकंदांची नाहीये, तीन ऑफर एका व्हिडिओत कोंबण्याची आहे. आपण सगळे स्क्रिप्ट लिहिताना आधी मोठं वाक्य लिहितो, मग शॉट लावतो आणि अटी सगळ्यात शेवटी जागा उरेल तिथे ढकलतो. मी बरीच वर्षं दुकानांच्या आणि शोरूमच्या जाहिराती लिहितोय आणि आता उलटं करतो, मालकाकडून आधी प्रत्येक ऑफरच्या अटी लिहून घेतो, त्या वाचायला किती वेळ लागेल ते मोजतो, आणि तेवढ्यात जेवढ्या ऑफर बसतील तेवढ्याच घेतो.

हिशोब कसा होतो बघा. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी एएससीआय नावाची संस्था आहे, १९८५ पासून मुंबईत. ती सरकारी नाही, जाहिरातवाल्यांनीच स्वतःसाठी काढलेली आहे, पण टीव्ही आणि केबलसाठी तिचा कोड केबल टीव्हीच्या नियमांतच घेतलेला आहे, त्यामुळे तुमचा व्हिडिओ लोकल केबलला जाणार असेल तर हे तुम्हाला लागू होतं. तिचं अटींबद्दलचं म्हणणं थोडक्यात असं की एका फ्रेममध्ये अटींचा एकच मजकूर असावा, तो जास्तीत जास्त दोन ओळींचा असावा, आणि प्रत्येक ओळीमागे चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ स्क्रीनवर राहावा. म्हणजे दोन ओळींच्या अटी आठ सेकंदांच्या वर. तुमच्या तीन ऑफर, प्रत्येकीच्या दोन ओळी धरल्या तर नुसत्या अटींनाच चोवीस सेकंदांच्या वर लागतील आणि व्हिडिओ आहे वीसचा, त्यातही दुकानाचं नाव, पत्ता, तारखा यायच्यात. गणितच बसत नाही, एडिटिंग कितीही भारी केलं तरी.

रीलसाठी कुणी स्टॉपवॉच घेऊन बसत नाही हे खरं आहे. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली ती सगळ्या माध्यमांना लागू आहेत, रीललाही. त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या कामाच्या. एक, अट त्याच भाषेत हवी ज्या भाषेत दावा आहे. तुमचा आवाज मराठी, मोठी अक्षरं मराठी, आणि अटी मात्र इंग्लिशमध्ये, हे तिथेच अडतं. दोन, अट दाव्याच्याच फॉन्टमध्ये हवी. तीन, दावा आवाजात असेल तर अट त्या आवाजाच्या बरोबरीने आणि त्याच वेगाने दिसायला हवी, बाराव्या सेकंदाला बोललात आणि अट अठराव्याला आली असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. छोट्या दुकानाला लगेच नोटीस येते असं मी म्हणत नाही, तिथे रोजचा त्रास वेगळाच असतो, काउंटरवर गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून "हे तुम्हीच दाखवलंय ना" म्हणतं आणि सणाच्या गर्दीत भांडण होतं, आणि ते ऐकणारी बाकीची दहा माणसंही साड्या न घेता जातात.

फॉन्टचा नियम वाचून बरेच डिझायनर नाराज होतात, कारण मोठं "५०%" त्यांना नक्षीदार सुलेखनात हवं असतं आणि त्याच फॉन्टमध्ये बारीक ओळ लावली की काही वाचता येत नाही. तर मोठ्या ओळीलाच साधा फॉन्ट घ्या. मी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी या फॉन्टांपैकीच एखादा घेतो, मोठ्या ओळीला जाड वजन आणि अटीला मध्यम, एकदम बारीक वजन कधीच नाही. सुलेखन करायची हौस असेल तर ती "शुभ दीपावली"वर करा, तिथे कुठलीच अट नसते.

आता ऑफर एकेक करून बघू, कारण कुठली ठेवायची आणि कुठली काढायची ते त्यांच्या अटींवरूनच ठरतं.

बँक कार्डची ऑफर सगळ्यात साधी दिसते आणि सगळ्यात जास्त जागा खाते. किमान किती खरेदी, जास्तीत जास्त किती सूट, क्रेडिट की डेबिट, ईएमआयवर आहे का, कुठल्या तारखांना, आणि बिलातच कमी होणार की नंतर खात्यात येणार. यातली कमाल मर्यादा तर बारीक अक्षरात टाकायचीच नाही. समजा १०% पण जास्तीत जास्त १,५०० रुपये. पंधरा हजारांच्या खरेदीपर्यंत ठीक आहे, पण लग्नाच्या खरेदीला आलेल्या माणसाने तीस हजारांचं बिल केलं तर त्याला प्रत्यक्षात पाच टक्केच मिळतात, आणि तो तीन हजार मनात धरून आलेला असतो. म्हणून मोठ्या अक्षरातच "१०% सूट, जास्तीत जास्त ₹१,५००" लिहावं लागतं. शिवाय बँकेचं नाव आणि लोगो वापरायला त्यांची परवानगी लागते, आणि बहुतेक वेळा अटींचे शब्दही तेच पाठवतात, त्यात तुम्हाला काटछाट करता येत नाही. म्हणून ही ऑफर या व्हिडिओतून काढा. तिचा वेगळा बारा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ करा किंवा नुसतं पोस्टर करून काउंटरजवळ लावा, कार्ड बाहेर काढायची वेळ तिथेच येते नाहीतरी.

दोनवर एक फ्रीमध्ये एकच अट खरी महत्त्वाची, तिन्हीपैकी फ्री कुठली. सगळीकडे सगळ्यात कमी किमतीची फ्री असते, पण बाई दोन साड्या हजाराच्या आणि एक चार हजारांची घेऊन काउंटरला येतात आणि चार हजारांची फ्री धरून बसतात. ही अटही मोठ्या ओळीतच जायला हवी: "३ साड्या घ्या, त्यातल्या सर्वात कमी किमतीच्या साडीचे पैसे नाही." लांब आहे, पण प्रामाणिक आहे. फ्री शब्दाबद्दलही त्या २०२२ च्या तत्त्वांमध्ये स्पष्ट आहे की फ्रीचा खर्च भरून काढायला बाकीच्या वस्तूंची किंमत वाढवायची नाही, आणि फ्री मिळायला ग्राहकाला नक्की काय करावं लागेल ते सांगायचं. मालकांना हे एकदा शांतपणे विचारा. ते जर म्हणाले की "फ्री देताना भाव थोडे वर घेतो की", तर ती ऑफर लिहूच नका.

आणि ही ऑफर आणि ५०% ची सूट एकत्र ठेवल्या की तिसराच प्रश्न उभा राहतो: ५०% वाली साडी तीनात धरायची का? त्याच्या उत्तरासाठी अजून एक ओळ, अजून चार सेकंद. म्हणून माझं म्हणणं, वीस सेकंदांत सूट एकटीच ठेवा.

आता "५०% पर्यंत". या शब्दजोडीत सगळी गोम "पर्यंत"मध्ये असते आणि डिझाइनमध्ये नेमका तोच शब्द बारीक होत जातो. माझा नियम असा की "पर्यंत" त्याच ओळीत, त्याच रंगात, आकड्याच्या निम्म्यापेक्षा लहान नाही. आणि ॲनिमेशनमध्ये तो आकड्याबरोबरच आला पाहिजे, आधी "५०%" धाडकन येतं आणि सेकंदाने कोपऱ्यातून "पर्यंत" सरकत येतो हे करू नका, कारण त्या एका सेकंदाचा स्क्रीनशॉट निघतो. रीलचं कव्हर निवडतानाही हेच, नुसतं "५०%" असलेली फ्रेम कव्हर म्हणून जाऊ देऊ नका.

पण शक्य असेल तर "पर्यंत" टाळाच आणि दोन्ही टोकं सांगा, "२०% ते ५०%". मालक कुरकुर करतील की वीस दिसलं तर कोण येणार. माझा अनुभव उलटा आहे, दोन्ही आकडे दिसले की माणूस मनाशी तीस-पस्तीस धरून येतो आणि तेवढं मिळालं की खूश असतो. मात्र ५०% वर खरंच किती साड्या आहेत ते विचारा. दहा-बारा पडून राहिलेल्या साड्यांसाठी पन्नासचा आकडा मोठा करणं म्हणजे गळाला आमिष लावणं झालं, त्याला नियमांतही आमिषाची जाहिरात म्हणूनच वेगळं कलम आहे, माल पुरेसा असायला हवा आणि कमी असेल तर तसं सांगायला हवं. "स्टॉक असेपर्यंत" एवढं लिहिलं की सुटलो असं नसतं.

अटींचे शब्द कसे निवडायचे यावर थोडं जास्त बोलतो कारण इथेच सगळे घाईत असतात. एएससीआयचा एक मुद्दा मला फार कामाचा वाटतो: अट दाव्याला स्पष्ट करू शकते, त्याला खोटं पाडू शकत नाही. मोठ्या अक्षरात "सर्व साड्यांवर सूट" आणि खाली "पैठणी, सिल्क व नवीन माल वगळून" हे चालत नाही, कारण खालची ओळ वरच्या ओळीला खोटं ठरवते. वर "निवडक साड्यांवर" असेल तर खालची ओळ फक्त निवडक म्हणजे कुठल्या ते सांगते, ते चालतं.

दुसरं, वगळलेल्या गोष्टींची यादी करण्यापेक्षा सूट कशावर आहे त्याची एकच खूण सांगा. "पैठणी, नवीन माल, डिझायनर कलेक्शन सोडून" यातला नवीन माल म्हणजे काय हे दुकानातल्या मुलांनाही माहीत नसतं. त्यापेक्षा मालकांना सांगा की सेलच्या प्रत्येक साडीला लाल स्टिकर लावा आणि त्यावर किती टक्के ते लिहा. मग अट एवढीच होते: "फक्त लाल स्टिकर असलेल्या साड्यांवर." पाच शब्द, वाद नाही. पैठणीवर सूट नसेल तर ते मात्र वेगळं लिहा, कारण दिवाळीत निम्मी गिऱ्हाइकं तेच विचारत येतात.

सूट कशावर मोजणार तेही सांगायला लागतं. छापील किमतीवर, की दुकानाच्या नेहमीच्या भावावर? मालक एरवीच छापील किमतीपेक्षा दहा टक्के कमीने विकत असतील तर छापील किमतीवर २०% म्हणजे रोजच्या गिऱ्हाइकाला जवळजवळ अकरा टक्केच. लिहायला हरकत नाही, पण "छापील किमतीवर" हे शब्द हवेतच.

तारीख आकड्यातच लिहा. "दिवाळीपर्यंत" लिहू नका, लक्ष्मीपूजनापर्यंत की भाऊबीजेपर्यंत हे प्रत्येक घराचं वेगळं असतं, आणि २०२४ ला तर लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला यावरच लोकांचा घोळ झाला होता. आवाजात भाऊबीज म्हणा, छान वाटतं, स्क्रीनवर मात्र तारीखच.

आणि काही ओळी सरळ काढून टाका. "कोणतीही पूर्वसूचना न देता ऑफर बदलण्याचा अधिकार राखीव", "व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम", "चूकभूल देणे घेणे". यांनी चार सेकंद जातात आणि गिऱ्हाइकाला कळत काहीच नाही, आणि चुकीची किंमत दाखवली असेल तर "चूकभूल"ने ती बरोबर होत नाही.

आता प्रत्यक्ष स्क्रिप्ट. मी तुमच्या जागी असतो तर असं लिहिलं असतं.

० ते ३ सेकंद: साडीची घडी उलगडतेय, हातांचा क्लोजअप. स्क्रीनवर काही नाही. आवाज: "आई, काकू, वहिनी... दिवाळीच्या साड्या राहिल्यात ना अजून?"

३ ते १२ सेकंद: तीन-चार शॉट बदलत राहतात, मजकूर मात्र हलत नाही. मोठी ओळ: "निवडक साड्यांवर २०% ते ५०% सूट". तिच्या लगेच खाली अटी, पहिली ओळ "फक्त लाल स्टिकर असलेल्या साड्यांवर.", दुसरी ओळ "सूट छापील किमतीवर. पैठणीवर सूट नाही." आवाज: "निवडक साड्यांवर वीस ते पन्नास टक्के सूट. सिल्क, कॉटन, रोजच्या आणि सणाच्याही."

१२ ते १६.५ सेकंद: दुकानाचा आतला शॉट. "१० ते २३ ऑक्टोबर" आणि खाली दुकानाची वेळ. आवाज: "दहा ते तेवीस ऑक्टोबर, भाऊबीजेपर्यंत."

१६.५ ते २० सेकंद: दुकानाचं नाव, चौक, फोन नंबर.

अटींना नऊ सेकंद मिळाले, म्हणजे आठच्या वर. दावा आणि अट एकाच क्षणी येतात आणि एकाच क्षणी जातात, हे एडिटरला नीट सांगा, कारण त्याची सवय प्रत्येक शॉटबरोबर मजकूर बदलायची असते. मजकूर शॉटला नाही, दाव्याला बांधायचा. आवाज सगळा मिळून पंचवीसेक शब्दांचा आहे, वीस सेकंदांत पंचेचाळीसच्या आसपास शब्द घाईने बसतातही, पण लोक वाचत असताना आवाजाने त्यांच्यामागे धावू नये म्हणून मुद्दाम कमी ठेवले.

एक गोष्ट फार सुटते. ३ ते १२ सेकंदांत पैठणी दाखवायची नाही, मोराचा पदर कितीही सुंदर दिसत असला तरी. चित्र हाही दावाच असतो. सूट बोलताना पैठणी दिसली तर खाली "पैठणीवर सूट नाही" लिहून उपयोग नाही, डोळ्यांनी आधीच वाचून घेतलेलं असतं. शूटला जाताना फक्त लाल स्टिकरवाल्याच साड्या बाजूला काढून ठेवा.

आता अक्षरांचा आकार आणि जागा. एएससीआयने एचडी म्हणजे १०८० ओळींच्या चित्रासाठी इंग्लिशच्या लहान अक्षराची उंची किमान १८ पिक्सेल सांगितली आहे. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतं, म्हणून मी शिरोरेषेपासून खालपर्यंत साध्या "म"ची उंची मोजतो, वेलांट्या-मात्रा सोडून. पण १८ वर मराठी वाचताच येत नाही खरं तर, अनुस्वार आणि रफार आधी गायब होतात आणि "सूट"चा ऊकार चिकटतो. केबलसाठी मी २८ च्या खाली जात नाही, आणि १०८० बाय १९२० च्या उभ्या रीलसाठी ३६ च्या आसपास ठेवतो. त्या मापात उभ्या स्क्रीनवर एका ओळीत साधारण पाच-सहा शब्द बसतात, म्हणून वरच्या दोन ओळी एवढ्या तोकड्या आहेत. टीव्हीसाठी लिहिलेली लांब ओळ रीलमध्ये चार ओळींची होते आणि मग सगळा हिशोब पुन्हा कोलमडतो. मागे गडद पट्टी द्या, जरीच्या काठावर पांढरी अक्षरं कुठल्याच मापात वाचता येत नाहीत.

जागा केबल आणि रीलला वेगवेगळी. टीव्हीवर अटी सवयीने तळाला जातात. रीलमध्ये तळाचा साधारण एक तृतीयांश भाग अकाउंटचं नाव, कॅप्शन आणि बटणांखाली झाकला जातो, उजवीकडे लाइक-शेअरचे आयकॉन असतात, त्यामुळे केबलची फाइल तशीच उभी कापून टाकली तर तुमची अट नेमकी त्याच झाकलेल्या पट्ट्यात जाते. तुम्ही दिली, कुणालाच दिसली नाही. रीलमध्ये मोठी ओळ आणि अट दोन्ही मधल्या भागात एकमेकांना चिकटून ठेवा, म्हणजे फीडमध्ये वरखाली कापलं गेलं तरी दोन्ही एकत्रच राहतात. आणि रीलमध्ये सविस्तर अटींसाठी क्यूआर कोड टाकू नका, माणूस फोनवरच बघतोय तर स्कॅन कशाने करणार, तिथे कॅप्शनमध्ये लिहा. दुकानाबाहेरच्या एलईडी स्क्रीनला क्यूआर ठीक आहे. पण मुख्य अट कॅप्शनमध्ये ढकलून मोकळं व्हायचं नाही, ती व्हिडिओतच हवी.

तपासायला मी असं करतो: फाइल व्हॉट्सॲपवरून एखाद्या स्वस्तातल्या फोनला पाठवतो म्हणजे ती दाबली जाऊन खराब होतेच, आवाज बंद करतो आणि ज्याला या कामातलं काही माहीत नाही अशा पन्नाशीच्या कुणालातरी एकदाच दाखवतो. मग तीन प्रश्न: सूट कशावर आहे, किती आहे, कधीपर्यंत आहे. "सगळ्या साड्यांवर पन्नास टक्के" असं उत्तर आलं तर नियमात काय बसतं ते बाजूला ठेवून परत एडिटला बसायचं. तोच व्हिडिओ काउंटरवरच्या आणि बिल करणाऱ्या मुलांनाही सेलच्या आदल्या दिवशी दाखवा, आणि बिलिंगमध्ये त्याच तारखा आणि त्याच टक्केवाऱ्या भरल्यात का ते मालकांकडून बघून घ्या.

हे सगळं साड्या-कपड्यांसाठी सांगितलं. सोन्याच्या घडणावळीवरची सूट किंवा नो कॉस्ट ईएमआय असेल तर अटींचे शब्द वेगळे लागतात. आणि मालकांच्या डोक्यात पुढे कूपन भरून लकी ड्रॉ काढायचं आलं, दरवर्षी येतंच कुणाच्यातरी, तर ते व्हिडिओत घ्यायच्या आधी वकिलाला विचारा, विक्री वाढवण्यासाठी सोडत काढण्यावर ग्राहक कायद्यात वेगळी बंधनं आहेत, ती बारीक ओळीने सुटत नाहीत.

शेवटचं काम २३ च्या रात्रीचं. बूस्ट केलेल्या जाहिरातीला संपायची तारीख आधीच घालून ठेवा, केबलवाल्याला लेखी कळवा, आणि रील प्रोफाइलला पिन केलेलं असेल तर २४ ला सकाळी काढा किंवा कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत "सेल संपला" लिहा. नाहीतर तुळशीच्या लग्नापर्यंत लोक तो व्हिडिओ घेऊन येत राहतात.